काकडीच्या शेतात सातेरीच्या चार पेट्या: मुरबाड-शहापूरकडच्या कुटुंबासाठी वर्षभराचं वेळापत्रक

ठाणे जिल्ह्यात मधमाशी पाळण्याचं सगळं गणित जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर ठरतं. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, करंज, हिरडा फुललेला असताना पेटी भरलेली कुणालाही दिसते. पण पावसाळ्यात फुलांवर जायला उघडीप मिळत नाही, पेटीतला साठा संपतो आणि एका सकाळी माश्या राणीसकट निघून गेलेल्या असतात. पेट्या घेऊन वर्षभरात सोडून दिलेल्या बहुतेकांची गोष्ट हीच असते. म्हणून या लेखात पेट्या घेण्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं एक पूर्ण वर्ष घेतलं आहे. डोळ्यासमोर मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातलं तीन एकरांचं शेत ठेवू या: खरिपात भात, वरकस जमिनीवर अर्धा एकर खुरासणी, भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर एक एकर काकडी आणि थोडं कारलं, बांधाला शेवगा, आणि शेताच्या वरच्या अंगाला जंगल.

माशी कोणती घ्यायची

आपल्याकडे घरगुती पेटीसाठी सातेरीच घ्यावी. आग्या पेटीत राहत नाही. फुलोरी उघड्यावर एकच लहान पोळं बांधते, तीही पेटीत राहत नाही. परदेशी मेलिफेरा जातीची माशी मध जास्त देते हे खरं, पण तिला त्या प्रमाणात फुलोराही लागतो. मेलिफेरा पाळणारे व्यावसायिक मोहरी, ओवा, सूर्यफूल अशा पिकांमागे ट्रकने पेट्या फिरवतात. तीन एकर सोडून जे कुटुंब कुठे जाणार नाही, त्याच्याकडे मेलिफेरा पावसाळाभर साखर खात बसते. विकणारा माणूस मात्र आधी तिचंच नाव काढतो, कारण त्याचा फायदा त्यात जास्त असतो.

सातेरी इथलीच. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या घराच्या भिंतीत ती आपणहून राहते. अंधारात एकमेकांना समांतर पोळी बांधते, म्हणून लाकडी चौकटींवर सहज वसते. एका पेटीतून वर्षाला पाच ते आठ किलो मध मिळाला तर चांगलं झालं म्हणायचं. कुणी वीस-पंचवीस किलोचा आकडा सांगितला, तर तो मेलिफेराबद्दल बोलतोय किंवा तुम्हाला गिऱ्हाईक समजतोय.

ऑक्टोबर: खरेदी

पेट्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. खुरासणी पिवळी झालेली असते, माळावरच्या रानफुलांचा बहर असतो, पाऊस थांबलेला असतो. माशीला पुढचे सात-आठ महिने वाढायला मिळतात. एप्रिल-मेमध्ये भरलेली पेटी पाहून मोह होतो, पण तेव्हा घेतलेली वसाहत नव्या जागी रुळते न रुळते तोच पाऊस येतो.

सुरुवातीला चार पेट्या असाव्यात. एकच घेतली तर ती कमजोर झाल्यावर मदतीला दुसरी नसते. दोन किंवा जास्त असल्या की सशक्त पेटीतली पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्या वाढत असलेल्या पोळ्याची, एक चौकट काढून अशक्त पेटीला देता येते.

राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्यांच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं आणि साहित्याचा निम्मा खर्च अनुदानातून येतो. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करायचा. प्रशिक्षण आधी आणि पेटी नंतर, हा क्रम पाळा. चौकट हातात धरायची सवय वाचून लागत नाही.

विकत घेताना पेटी बाहेरून बघून पैसे देऊ नका. विकणाऱ्याला सांगा, "दादा, मधली चौकट काढून दाखवा." सूर्य तुमच्या पाठीमागे ठेवा, चौकट किंचित तिरकी धरा, म्हणजे उजेड थेट कप्प्याच्या तळाशी पडेल. तळाला तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरी, उभी रेघ दिसली की ते अंडं. अंडं तीन दिवसच अंड्याच्या रूपात असतं, म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती. मग राणी प्रत्यक्ष शोधत बसायची गरज नाही. एका कप्प्यात एकच अंडं, तेही बरोबर मध्यावर हवं. एकाच कप्प्यात दोन-तीन अंडी भिंतीला चिकटलेली असली तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत. ती पेटी फुकट मिळाली तरी नको. पाच-सहा चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात आणि बंद पिलावा, म्हणजे कप्प्यांवर मेणाचं झाकण आलेला पिलावा, सलग असावा. मध्येमध्ये रिकामे कप्पे सोडून चाळणीसारखा पिलावा दिसला तर राणी म्हातारी असते, नाहीतर काही रोग असतो.

जागा

पेटी रात्री हलवायची, सगळ्या माश्या आत आल्यावर, दाराला बारीक जाळी लावून. शेतात सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा बघा. आंब्याच्या किंवा जांभळाच्या पूर्वेकडची बाजू चांगली. दार पूर्वेला. पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्येकडून येतो, तो दारावर येता कामा नये. पेटी दीड फूट उंच लोखंडी घोडीवर ठेवा आणि घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंगळे एका रात्रीत पेटी साफ करतात. वाटीतल्या पाण्यावर थोडं जुनं ऑइल टाकलं तर डास होत नाहीत. दोन पेट्यांत सात-आठ फुटांचं अंतर ठेवा.

पेटी दाराकडे जेमतेम बोटभर कलती ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येतं. अंगणातल्या रात्रीच्या दिव्यापासून ती लांब हवी, कारण माश्या उजेडाकडे येतात आणि तिथेच मरतात. एकदा ठेवलेली पेटी दहा-पंधरा फूट सरकवायची नाही. बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परततात आणि तिथेच घिरट्या घालत राहतात.

काकडी: पहिला पैसा इथून येतो

काकडीला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे आधीपासूनच बारीक काकडी असते. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी संपतं. तेवढ्या वेळात माशीने नर फुलावरचा पराग आणून अनेकदा टाकला तर फळ सरळ आणि एकसारखं भरतं. पराग कमी पडला की बी एकाच बाजूला धरतं आणि काकडी वाकडी, टोकाला बारीक किंवा मध्येच आवळलेली येते. वाशीच्या बाजारात हाच माल वेगळा काढून कमी भावात जातो. भरपूर फुलं येऊन बारीक फळं पिवळी पडून गळत असतील, तर खतापेक्षा आधी सकाळी आठ ते दहा शेतात उभं राहून फुलांवर माशी येते का ते बघा.

एक एकर काकडीला सातेरीच्या दोन-तीन पेट्या पुरतात. सुमारे दहा टक्के वेलींवर फुलं दिसू लागली की पेट्या शेताजवळ असाव्यात. त्याआधी आणल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलांना सोकावतात. आपल्या उदाहरणात पेट्या कायमच शेतात आहेत, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. कारल्यालाही माशीचा असाच उपयोग होतो. दुधीला मात्र फारसा होत नाही, कारण दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्यावर पतंग येतात. भेंडी स्वतःच परागण करून घेते. माशी तिच्यावर येते, पण तिच्यामुळे उत्पन्न वाढेल असं समजू नका.

किती फरक पडला हे कळण्यासाठी तोडणीच्या वेळी सरळ माल आणि वाकडा माल वेगळा मोजून वहीत लिहा. पहिल्याच हंगामात ही वही मधाच्या बाटलीपेक्षा जास्त बोलते.

फवारणी

याच काळात पेट्या मरतात त्या औषधाने. दाराबाहेर मेलेल्या माश्यांचा ढीग, काहींची जीभ बाहेर आलेली, काही जमिनीवर लडखडत गोल फिरतायत, असं दिसलं तर तो रोग नव्हे, विषबाधा आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी औषधं फुलोऱ्यात टाळावीत. फवारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, माश्या परतल्यावर. निंबोळी अर्कही संध्याकाळीच.

सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत चरायला जाते, म्हणून प्रश्न फक्त आपल्या शेताचा नसतो. शेजारच्यांकडे पेटी आणण्याच्या आधीच जाऊन यावं. "काका, फवारायच्या आदल्या दिवशी एक फोन करा, मी रात्री पेट्या बंद करतो," एवढंच सांगायचं. फोन आला की रात्री दाराला जाळी लावा, वरून ओलं गोणपाट टाका, आत पाण्याची वाटी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडा. त्याहून जास्त वेळ कोंडू नका, उन्हाने पोळी वितळतात. बहुतेक लोक ऐकतात, विशेषतः त्यांच्याही काकडीवर माश्या दिसल्या की. एप्रिलमध्ये त्यांना पाव किलो मध नेऊन द्यायला विसरू नका.

डिसेंबर-जानेवारी: पेटी फुटायच्या आत वाटणी

वसाहत भरली की तिला फुटायचं असतं. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते. याची आधी खूण मिळते. पोळ्यावर नरांचे बंद कप्पे वाढतात. सातेरीच्या नराचं झाकण टोकदार असतं आणि बरोबर टोकावर सुईने टोचल्यासारखं छिद्र असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. त्यानंतर पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखे लोंबते राणीकोष दिसू लागतात.

राणीकोष दिसले की थांबू नका. त्या पेटीतून एक चांगला, बंद राणीकोष असलेली चौकट, बंद पिलाव्याची एक आणि मध-परागाची एक, अशा तीन चौकटी अंगावरच्या माश्यांसकट उचलून नव्या पेटीत ठेवा. जुनी राणी जुन्या पेटीतच राहिली पाहिजे, हे तेवढं पाहा. जुन्या पेटीतले उरलेले राणीकोष मोडून टाका. नवीन पेटीतही एकच कोष ठेवा. त्यातून निघालेली राणी हवेत मिलन करून आली की साधारण दोन ते तीन आठवड्यांत अंडी दिसायला हवीत. महिन्यानेही अंडी दिसली नाहीत तर राणीला बहुधा वेड्या राघूने किंवा कोतवालाने टिपलेलं असतं. मग ती वाटणी पुन्हा मूळ पेटीत मिसळून टाका.

चारही पेट्या पहिल्या वर्षी फोडू नका. सर्वांत जोरदार दोनच वाटा, बाकीच्या मधासाठी राखा. वाटणी आणि मध दोन्ही एकाच पेटीतून पुरेसं मिळत नाही.

मार्च ते मे: मध

फेब्रुवारीअखेर पिलाव्याच्या खोलीवर मधकोठी, म्हणजे फक्त मधासाठीची वरची खोली, चढवा. त्याआधीपासून साखरपाणी पूर्ण बंद हवं. मधकोठी चढवल्यावर साखर दिली तर बाटलीत साखरच जाते आणि तपासणीत ती सापडते. खालच्या पिलाव्याच्या खोलीतल्या मधाला हात लावायचा नाही. तो त्यांचा पावसाळा आहे.

मध पिकला की माश्या कप्प्यावर पातळ मेणाची टोपी बसवतात. चौकटीचे किमान तीन चतुर्थांश कप्पे असे बंद झाले की ती काढायची. उघडा मध पातळ असतो. चौकट आडवी धरून हलका झटका द्या. थेंब उडाले तर ती परत आत ठेवा. आपल्या दमट हवेत हा नियम कडक पाळावा लागतो. अन्न सुरक्षेच्या मानकानुसार मधात पाण्याचा अंश 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्याच्यावर गेलेला मध बाटलीत आंबतो. झाकण उघडताना फुस्स आवाज, वर फेस, आंबूस वास, या त्याच्या खुणा. पाणी मोजणारं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून घेतलं तर परवडतं.

कोरड्या दिवशी दुपारी, धुराड्याचा मोजका धूर देऊन चौकटी काढा. जास्त धूर मधाला वास देतो. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने टोप्या उतरवा आणि मधयंत्रात हळूहळू फिरवा. सातेरीची पोळी नाजूक असतात. आधी एक बाजू अर्धी रिकामी करा, मग उलटवा, मग परत पहिली. जोरात फिरवलं तर पोळं तुटतं. ते पोळं बांधायला माश्यांनी भरपूर मध खर्च केलेला असतो. रिकामी चौकट परत दिली तर त्याच हंगामात पुन्हा भरते. पोळं पिळून काढलेल्या मधात पिलावा आणि परागही पिळला जातो, तो लवकर बिघडतो. हे काम बंद खोलीत करा, नाहीतर सगळ्या गावच्या माश्या येतात आणि पेट्यांत लुटालूट सुरू होते.

मध मलमलीतून गाळा, दोन दिवस झाकून ठेवा, वर आलेला फेस आणि मेण काढून काचेच्या बाटल्यांत भरा. उकळायचा नाही. शेवटची काढणी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरका. वळवाची एक सर पडली की हवेतला दमटपणा मधात उतरतो.

जून ते सप्टेंबर

मेच्या शेवटी मधकोठी उतरवून ठेवा. तिच्यातली पोळी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ठेवा, उघडी राहिली तर मेणकिडा खातो. मग प्रत्येक पेटीत माश्या झाकू शकतील तेवढ्याच चौकटी ठेवा. आठ चौकटींच्या पेटीत माश्या चारच झाकत असतील तर काळी, जुनी पोळी आधी काढा आणि उरलेली जागा फळीने तोडा. ओसाड पोळ्यातच मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो. दार दोन-तीन माश्या एका वेळी जातील एवढं अरुंद करा, फटी मेणाने किंवा चिखलाने बुजवा, छपरावर पत्रा किंवा प्लास्टिक घाला. पण पेटी पूर्ण गुंडाळू नका. आतली वाफ बाहेर गेली नाही तर पोळ्यांना बुरशी येते.

खाणं म्हणून साखर आणि पाणी समप्रमाणात. पाणी उकळून खाली उतरवा, साखर विरघळवा, पूर्ण गार करा. एका पेटीला आठवड्यातून एकदा साधारण एक पेला, करवंटीत ओतून त्यावर काडक्या टाकून पेटीच्या आत ठेवा. काडक्या नसल्या तर माश्या बुडतात. सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी, अंधार पडता पडता द्या. जमिनीवर एक थेंब सांडू देऊ नका. एकाच पेटीला दिवसा दिलं तर शेजारच्या पेट्या तिच्यावर तुटून पडतात. चार पेट्यांना पावसाळाभरात बारा-पंधरा किलो साखर धरा.

उघडीप मिळेल तशी दर आठवड्याला तळपाट, म्हणजे पेटीची तळाची फळी, पुसा. तळपाटावर काळ्या दाण्यांसारखी विष्ठा आणि पोळ्यात पांढरी जाळी दिसली की मेणकिडा आहे. ती चौकट लगेच काढून जाळा किंवा मेण वितळवून घ्या. तळपाट साफ असेल तर पेटी उगाच उघडायची गरज नाही.

माश्या उडून जायच्या तयारीत असल्याचं आठवडाभर आधी कळतं. पराग घेऊन येणारी माशी दिसेनाशी होते. आत अंडी नसतात, पिलावा संपत आलेला असतो, साठा चाटूनपुसून खाल्लेला असतो आणि चौकट उचलली की माश्या एका जागी न थांबता धावतात. अशा पेटीला त्याच संध्याकाळी साखरपाणी द्या आणि जोरदार पेटीतली उघड्या पिलाव्याची एक चौकट, माश्या झटकून, आत ठेवा. अळ्या सोडून माश्या सहसा जात नाहीत. राणीदार लावलं तर राणी अडते, पण ते चार-पाच दिवसांपुरतं. आत उपासमार असेल तर दार लावून पेटी वाचत नाही. पिलाव्यात मेलेल्या अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या, तोंड वर करून, होडीच्या आकारात दिसल्या तर तो थाई सॅकब्रूड विषाणू असू शकतो. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात याच रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. त्यावर औषध नाही. त्या पेटीची चौकट दुसरीकडे कधीच देऊ नका.

हिशेब

आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्याकडच्या भावाने बदलून घ्या. माश्यांसकट पेटी पाच हजार धरली तर चारचे वीस हजार, त्यावर घोड्या, बुरखा, धुराडं आणि मधयंत्रातला वाटा मिळून आणखी सहा हजार. पहिल्या वर्षी पेटीमागे चार किलो मध धरा. वाटणी केलेल्या दोन पेट्यांतून कमी येणार, म्हणून चौदा किलोच मोजू. कल्याण-ठाण्याच्या ओळखीच्या घरांत किलोला सातशे मिळाले तर नऊ हजार आठशे. साखर, बाटल्या, प्रवास यांचे दोन हजार वजा. म्हणजे मधातून पहिल्या वर्षी भांडवल निघत नाही. काकडीचा वाकडा माल किती कमी झाला तो आकडा वहीतून काढून यात मिळवा, तेव्हाच खरा हिशेब होतो. दुसऱ्या वर्षी पावसाळा काढून पाच पेट्या उरल्या आणि पेटीमागे सहा किलो आलं तर तीस किलोचे एकवीस हजार होतात. त्यापुढे भरलेल्या वसाहती विकणं मधापेक्षा फायद्याचं ठरू लागतं, कारण ऑक्टोबरमध्ये सातेरीची चांगली पेटी शोधणारे नेहमीच असतात.

विक्रीसाठी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या आणि लेबलवर काढणीचा महिना लिहा. थंडीत मध तळाशी दाणेदार झाला की "साखर घातली का?" असा फोन येतोच. तो मधातल्या ग्लुकोजचा गुण आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो, हे विकतानाच सांगून टाकायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, हेही.

पेट्या वाढवत नेण्याला हद्द आहे आणि ती जंगल ठरवतं. एप्रिलमध्ये पेटीमागचा मध मागच्या वर्षीपेक्षा सरळ कमी झाला आणि औषधाचं किंवा रोगाचं कारण सापडत नसेल, तर त्या जागेला पेट्या जास्त झाल्या. मग जास्तीच्या पेट्या दीड-दोन किलोमीटर पलीकडे, ज्यांच्याकडे काकडी-कारलं आहे अशा ओळखीच्या शेतात ठेवा आणि हंगामाचं भाडं घ्या.